गच्चीचं वॉटरप्रूफिंग तपासून कंत्राटदाराला निष्कर्षपत्र कसं लिहायचं : सोसायटीच्या नव्या कमिटीसाठी

गच्चीचं काम आटोपलं, राबिट म्हणजे राडारोडा खाली उतरला, कंत्राटदाराने अंतिम बिल पाठवलं आणि सोबत काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याचा मसुदाही दिला. आता सचिवाने सही करायची की नाही? करायची नसेल तर ते कोणत्या शब्दांत कळवायचं? आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हे काम माझ्याकडे होतं. त्यातून जी पद्धत बसली ती इथे देतो आहे. उदाहरण विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचं आहे, म्हणजे ब्रिकबॅट कोब्याचं, कारण आपल्याकडच्या जुन्या इमारतींवर बहुतेक वेळा तेच होतं. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत: गच्ची 20 बाय 14 मीटर, म्हणजे 280 चौ. मी.; कंत्राट ₹4,50,000 चं; त्यातले 70 टक्के कामाच्या टप्प्यांवर दिलेले, 20 टक्के काम स्वीकारल्यावर द्यायचे, 10 टक्के एक पूर्ण पावसाळा गेल्यावर.

निष्कर्षपत्र म्हणजे तक्रारपत्र नव्हे. ठरलं काय होतं, मोजलं तेव्हा सापडलं काय, फरक किती आणि त्यामुळे काम स्वीकारलं की नाही, एवढंच त्यात असतं. कंत्राटदाराने वाचल्यावर त्याला मिस्त्रीला कोणत्या कोपऱ्यात पाठवायचं हे कळलं पाहिजे.

## लागणारी कागदपत्रं आणि साधनं

कागदपत्रांत कार्यादेश, त्यासोबतचा कामाचा तपशील, दोघांच्या सह्या असलेली स्वीकृती तपासयादी, काम चालू असतानाची टप्प्याटप्प्याची मापं आणि फोटो, आणि आजवर दिलेल्या रकमांच्या पावत्या.

साधनं साधीच आहेत: मापाची टेप, स्टीलची पट्टी, पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी, छोटी हातोडी, खडू, पेन्सिल आणि एक घमेलं. घमेलं कशाला ते पुढे येईल.

## 1. तपासयादी कामाआधी ठरवा, नंतर तिला हात लावू नका

पत्राचं सगळं बळ या यादीत असतं. काम संपल्यावर कमिटीने आपल्या मनाने यादी केली तर कंत्राटदार म्हणणार, हे मला कधी सांगितलं होतं? आणि त्याचं बरोबर असेल. यादी कार्यादेशाला जोडायची आणि तिच्या प्रत्येक पानावर त्याची सही घ्यायची.

कोब्याचा तपशील स्वतः रचत बसू नका. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा या कामाचा ठरलेला तपशील आहे, तो कार्यादेशात घालता येतो. त्यात स्लॅबवर दर चौ. मी. 2.75 किलो सिमेंटची स्लरी, त्यावर मसाल्यात बसवलेले विटांचे तुकडे, मग पुन्हा तेवढीच स्लरी आणि वर 20 मिमीचा 1:4 मसाल्याचा थर असतो. त्या थरावर 300 मिमीचे चौकोन ओढायचे असतात. कोब्याची सरासरी जाडी 120 मिमी आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी किमान 65 मिमी. कठड्याला हेच काम 300 मिमी उंचीपर्यंत न्यायचं आणि कोपरा गोल करायचा. याला आपल्याकडे वाटा म्हणतात. शेवटी गच्ची किमान दोन आठवडे पाण्याने भरून ठेवायची. क्युरिंगही त्यातच होतं आणि गळतीची चाचणीही.

यादीचे दोन भाग करा, हे माझं सगळ्यांत आग्रहाचं सांगणं. पहिल्या भागात अनिवार्य बाबी, ज्यांना गुण नसतात. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, बस्स. दुसऱ्या भागात गुणांच्या बाबी. सगळ्याच बाबींना गुण देऊन बेरीज केली की काय होतं? चौकोन सुबक, साफसफाई उत्तम, कागद वेळेवर, म्हणून गुण 85. आणि वरच्या मजल्यावर छत गळतंय. गळतीची भरपाई साफसफाईच्या गुणांनी होता कामा नये.

आपल्या उदाहरणात अनिवार्य बाबी तीनच आहेत:

- पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीत खालच्या छताला नवी ओल नको.
- पाइपच्या तोंडाकडे ढाळ किमान 1:100 हवा, आणि पाणी सोडल्यावर 24 तासांनी कुठेही 5 मिमीपेक्षा खोल पाणी नको.
- पाइपच्या तोंडाशी कोब्याची जाडी किमान 65 मिमी हवी.

गुणांच्या बाबी सहा. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण आणि त्या गुणाला भाराने, म्हणजे ती बाब किती महत्त्वाची त्यावरून ठरवलेल्या आकड्याने गुणायचं. भारांची बेरीज 50 ठेवली की कमाल गुण आपोआप 100 होतात. 0 कधी, 1 कधी, 2 कधी हेही यादीतच लिहा. वाट्यासाठी आमची ओळ अशी होती: मोजलेल्या ठिकाणांपैकी 95 टक्के किंवा अधिक ठिकाणी उंची 300 मिमी असेल तर 2, 80 टक्के किंवा अधिक असेल तर 1, त्याहून कमी असेल तर 0. अशी ओळ असली की गुण देताना कुणाच्या मताचा प्रश्न उरत नाही. स्वीकृतीची अट: तिन्ही अनिवार्य बाबी उत्तीर्ण आणि गुण किमान 80.

## 2. जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी मोजा

कोब्याची जाडी काम संपल्यावर मोजायची तर तो फोडावा लागतो. म्हणून तुकडे बसवले की, वरचा थर पडायच्या आधी, चारही पाइपांच्या तोंडाशी टेप लावून जाडी घ्या. टेप आणि पाइप दोन्ही एका फोटोत यायला हवेत. मापं एका कागदावर लिहून साइटवरच्या सुपरवायझरची सही तिथेच घ्या.

स्लरी खरंच पडली का हे कळायला रिकाम्या गोण्या मोजा. 280 चौ. मी. गुणिले 2.75 किलो म्हणजे एका हाताला 770 किलो, साधारण साडेपंधरा गोण्या. दोन हातांना मिळून जवळपास 31. कठड्याच्या वाट्याची स्लरी वेगळी. स्लरीच्या दिवशी सात-आठच गोण्या फुटल्या असतील तर त्याच दिवशी विचारा. महिन्याभराने लिहिलेल्या पत्रात हा मुद्दा सिद्ध करता येत नाही.

## 3. पाणी भरायच्या आधी खालची छतं टिपून ठेवा

वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जा. छतावर जुने डाग असतील तर त्यांच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख घाला, फोटो घ्या. हे केलं नाही तर चाचणीनंतरचा प्रत्येक डाग कंत्राटदाराच्या लेखी जुना असतो आणि घरमालकाच्या लेखी नवा. रेघ असली की डाग तिच्या बाहेर गेला का, एवढंच बघायचं.

आता पाणी किती भरायचं? बरेच जण "दोन इंच पाणी" म्हणतात, पण ढाळ असलेल्या गच्चीवर दोन इंच नेमकं कुठे? आपल्या गच्चीची पाठ, म्हणजे जिथून दोन्हीकडे ढाळ सुरू होतो ती सर्वांत उंच रेघ, मध्यभागी लांबीने आहे आणि पाइप दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन. पाठीवरचा सर्वांत दूरचा बिंदू पाइपपासून 8.6 मीटर पडतो, म्हणजे 1:100 ने 86 मिमी उंच. त्या बिंदूवर 25 मिमी पाणी राहायचं तर पाइपच्या तोंडाशी 111 मिमी पाणी चढतं. 1 मिमी पाणी म्हणजे दर चौ. मी. 1 किलो. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौ. मी. सुमारे 150 किलोचा वापरभार धरलेला असतो, म्हणजे 111 किलो त्यात बसतं. पण इमारत जुनी असेल, स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका. पाठीवर मसाल्याचा बुटका बांध घालून एका वेळी एकच बाजू भरली तर पाणीही निम्मं लागतं. पूर्ण गच्चीला सरासरी 68 मिमी धरून सुमारे 19,000 लिटर होतात. एप्रिल-मेमध्ये हे पाणी टँकरचंच असणार, तेव्हा टँकरचा खर्च कुणाचा हे कार्यादेशातच लिहा. उरलेल्या बाजूवर तोवर ओली गोणपाटं राहू द्या.

पाणी कमी होतंय म्हणजे झिरपतंय असं लगेच समजू नका. उन्हाळ्यात ते उडूनही जातं. भरलेलं घमेलं गच्चीवरच उन्हात ठेवा. रोज सकाळी पट्टीने घमेल्यातली आणि गच्चीवरची घट मोजा. दोन्ही साधारण सारखी असेल तर उन्हाने पाणी नेलं. गच्चीवरची घट घमेल्यापेक्षा रोज ठळकपणे जास्त असेल तर पाणी कुठेतरी वाट काढतंय. आधी पाइपच्या तोंडात बसवलेला बोळा तपासा, बहुतेकदा तिथूनच जातं.

चाचणीत एखादा डाग रेघेबाहेर गेलाच, तर कंत्राटदारावर बोट ठेवायच्या आधी वर काय आहे ते बघा. आमच्याकडे एका बेडरूमच्या छतावर नवी ओल आली. ती बरोबर टाकीतून उतरणाऱ्या पाइपच्या रेषेत होती. गच्चीवरचं पाणी तसंच ठेवून फक्त त्या पाइपचा वॉल्व्ह बंद केला, ओलीभोवती नवी रेघ ओढली. ओल पुढे सरकली नाही, वॉल्व्ह उघडल्यावर पुन्हा पसरली. म्हणजे दोष प्लंबिंगचा. पाणी आणि वॉल्व्ह दोन्ही एकाच वेळी बंद केले असते तर कारण कळलंच नसतं. ही ओल निष्कर्षपत्रात कंत्राटदाराच्या नावावर घालायची नाही. तसं केलं आणि त्याने ते खोडून काढलं, तर उरलेल्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

## 4. संयुक्त पाहणी

पाणी सोडल्यावर 24 तासांनी पाहणी ठेवा. कंत्राटदाराला तारीख आणि वेळ चार दिवस आधी लेखी कळवा. तो आला नाही तर कमिटीचे दोघे आणि आर्किटेक्ट यांनी पाहणी करायची, "पूर्वसूचना देऊनही उपस्थित नाहीत" अशी नोंद करायची आणि पुढे जायचं.

जागा नेमकी सांगता यावी म्हणून गच्चीवर खडूने चौकट आखा. 300 मिमीचे चौकोन आहेतच. दहा चौकोनांना, म्हणजे दर 3 मीटरला, एक घर धरा. लांबीच्या बाजूला क, ख, ग, घ, च, छ, ज आणि रुंदीच्या बाजूला 1 ते 5. मग "टाकीच्या मागे थोडं डावीकडे" असं लिहावं लागत नाही, "च-4" पुरतं.

पोकळी शोधायला प्रत्येक घरात हातोडीने हलकेच ठोका. वरचा थर खाली धरलेला असेल तर आवाज भरीव, टणक येतो. सुटलेला असेल तर ढब् असा पोकळ येतो आणि दोन्ही शेजारी-शेजारी ऐकले की फरक कुणालाही कळतो. पोकळ चौकोनांवर फुली मारा आणि मोजा. एक चौकोन 0.09 चौ. मी. आहे, त्यामुळे क्षेत्रफळ तोंडी निघतं.

ढाळासाठी लेव्हल नळीचं एक टोक पाठीवरच्या बिंदूवर, दुसरं पाइपच्या तोंडाशी धरा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का बघा. दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची. त्यातला फरक म्हणजे उतार. आमच्या उदाहरणात चारपैकी तीन पाइपांना 86 मिमीहून जास्त मिळाले. चौथ्याला 53 च. 8,600 भागिले 53 म्हणजे ढाळ सुमारे 1:162. आणि त्याच वाटेवर, घर च-4 मध्ये, 24 तासांनंतरही 1.2 बाय 0.9 मीटरचं डबकं उभं होतं, मधोमध 11 मिमी खोल.

इथे सुपरवायझर हमखास म्हणतो, "साहेब, पाणी जातंय ना? दोन दिवसांत उन्हाने वाळतं ते, काही होत नाही!" यावर वाद घालू नका. पट्टी डबक्यात उभी करा, फोटो घ्या, मापाच्या कागदावर "च-4, 11 मिमी" लिहा आणि त्याची सही मागा. सही मापाला आहे, निष्कर्षाला नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं की तो सही करतो.

## 5. गुण मांडा

मापं हातात असली की गुण देणं दहा मिनिटांचं काम आहे. कठड्याचा घेर 68 मीटर. दर 3 मीटरला वाटा मोजला, 23 ठिकाणं झाली. 19 ठिकाणी 300 मिमी किंवा अधिक, टाकीच्या मागच्या 4 ठिकाणी 210 ते 240. म्हणजे 82.6 टक्के, गुण 1. पोकळ चौकोन ख-2 आणि च-4 मिळून 14, म्हणजे 1.26 चौ. मी.; यादीप्रमाणे एकही नसेल तर 2, एकूण 3 चौ. मी. पर्यंत 1, म्हणून इथेही 1. हमीपत्र आणि वॉटरप्रूफिंग कंपाउंडची बिलं आलेली नाहीत, तिथे 0.

## 6. पत्र लिहा

पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. नमुना असा:

> प्रति, (कंत्राटदाराचे नाव व पत्ता)
>
> दिनांक: 11 मे
>
> विषय: गच्चीच्या वॉटरप्रूफिंग कामाच्या स्वीकृती तपासणीचे निष्कर्ष
>
> संदर्भ: 1) कार्यादेश क्र. __ 2) कार्यादेशाचे परिशिष्ट ब, स्वीकृती तपासयादी 3) 9 मे रोजीची संयुक्त पाहणी व मापपत्रक
>
> महोदय,
>
> संदर्भ 2 मधील तपासयादीनुसार आपल्या कामाची तपासणी 9 मे रोजी आपले सुपरवायझर, आमचे आर्किटेक्ट व कमिटी सदस्य यांच्या उपस्थितीत झाली. निष्कर्ष खालीलप्रमाणे आहेत.
>
> अ. अनिवार्य बाबी
>
> 1. पाणी साठवण चाचणी (24 एप्रिल ते 8 मे): गच्चीमुळे आलेली नवी ओल आढळली नाही. उत्तीर्ण.
> 2. ढाळ: पाइप क्र. 1, 2 व 3 येथे 1:100 पेक्षा चांगला. पाइप क्र. 4 येथे 8.6 मीटर अंतरात 53 मिमी, म्हणजे सुमारे 1:162. घर च-4 मध्ये 24 तासांनंतर 11 मिमी खोल पाणी (मर्यादा 5 मिमी). अनुत्तीर्ण. फोटो 3 व 4.
> 3. पाइपच्या तोंडाशी जाडी: 67, 70, 66 व 72 मिमी (किमान 65). उत्तीर्ण.
>
> ब. गुणांच्या बाबी
>
> | बाब | भार | गुण (0–2) | एकूण |
> |---|---|---|---|
> | कठड्याचा वाटा | 12 | 1 | 12 |
> | वरचा थर (पोकळी, भेगा) | 12 | 1 | 12 |
> | पाइपचे तोंड व जाळी | 10 | 2 | 20 |
> | कठड्याचा आतला गिलावा | 6 | 2 | 12 |
> | हमीपत्र व साहित्याची बिले | 6 | 0 | 0 |
> | राबिट उचलणे व सफाई | 4 | 2 | 8 |
> | एकूण | 50 | | 64 |
>
> क. निर्णय: बाब अ-2 अनुत्तीर्ण असल्याने व एकूण गुण 80 पेक्षा कमी असल्याने काम आज रोजी स्वीकारलेले नाही. कार्यादेशाच्या देयक कलमानुसार स्वीकृतीवर देय असलेली ₹90,000 ची रक्कम अद्याप देय झालेली नाही.
>
> ड. आपल्याकडून अपेक्षित: 1) पाइप क्र. 4 चा ढाळ व घर च-4 येथील खळगा. 2) टाकीमागील 4 ठिकाणी वाट्याची उंची. 3) ख-2 व च-4 येथील 14 पोकळ चौकोन. 4) स्टँप पेपरवरील हमीपत्र व कंपाउंडची बिले. क्र. 1 ते 3 च्या दुरुस्तीची पद्धत 18 मेपर्यंत लेखी कळवावी, दुरुस्ती 26 मेपर्यंत पूर्ण करावी. दुरुस्त भागावर पुन्हा पाणी भरून फेरतपासणी 3 जून रोजी सकाळी 9 वाजता होईल. त्यात फक्त वरील चार मुद्दे तपासले जातील.
>
> कोणत्याही मापाबद्दल हरकत असल्यास 18 मेपर्यंत कळवावे, ते माप आपल्यासमोर पुन्हा घेण्यात येईल.
>
> कळावे,
> सचिव
>
> सोबत: मापपत्रक, भरलेली तपासयादी, फोटो 1 ते 9. प्रत: आर्किटेक्ट.

यातल्या काही ओळींमागे कारण आहे. दुरुस्तीची पद्धत आपण सांगितलेली नाही, त्याच्याकडून मागितली आहे. "इथे दोन इंच मसाला टाका" असं सोसायटीने लिहिलं आणि तो थर पुढे सुटला, तर कंत्राटदार म्हणेल की मी तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, हमी माझी नाही. त्याने पद्धत पाठवली की ती आर्किटेक्टला दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: नवा थर जुन्याला धरणार कसा? खळग्यात वरून नुसता पातळ सिमेंटचा हात मारला तर तो उन्हाने तापून भेगाळतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. जुना थर खरवडून, गरज असेल तिथे चौकोनांच्या रेघेपर्यंत काढून, स्लरी मारून नवा थर बसवणं हे पद्धतीत दिसलं पाहिजे.

उत्तीर्ण बाबीही आकड्यांसह लिहिल्या आहेत. त्या गाळल्या तर पत्र एकतर्फी दिसतं. शिवाय त्या लेखी आल्यामुळे आपल्यालाही नंतर त्यांवर घूमजाव करता येत नाही. फेरतपासणीत चारच मुद्दे बघू, ही ओळ कंत्राटदारासाठी फार मोलाची असते. दर खेपेला नवी यादी निघेल अशी त्याला धास्ती असते आणि त्या धास्तीने तो यायचंच टाळतो.

पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि त्याच दिवशी ईमेलवरही. व्हॉट्सॲपवर फक्त "पत्र पाठवलं आहे" एवढं कळवा. मुद्द्यांची चर्चा तिथे सुरू केली की कोणतं म्हणणं अंतिम तेच कळेनासं होतं.

## 7. इथे लोक अडकतात

"निकृष्ट", "बेजबाबदार", "फसवणूक" हे शब्द पत्रात नकोत. 11 मिमी हा आकडा त्या सगळ्यांपेक्षा जड आहे, आणि त्याला उत्तर म्हणून रागावता येत नाही.

अध्यक्ष किंवा एखादे वडीलधारे सभासद गच्चीवर जाऊन "वा, छान झालंय काम" म्हणतात, आणि ते कंत्राटदाराच्या मोबाइलवर रेकॉर्ड होतं. स्वीकृती फक्त सचिवाच्या लेखी पत्राने होईल, अशी ओळ कार्यादेशात आधीच ठेवा आणि कमिटीत सगळ्यांना सांगून ठेवा.

कामाच्या मधल्या काळात कुणालाही गच्चीवर भोक पाडू देऊ नका. डिश अँटेनाचा स्टँड, सोलरचे पाय, मांडवाचे खांब, काहीही. एका खिळ्याच्या भोकाने हमीचा वाद सुरू होतो, आणि तो कंत्राटदाराच्या बाजूने जाऊ शकतो.

पत्रात नवी मागणी घुसवू नका. "चायना मोझॅकही करून द्या, मग पैसे देतो" असं लिहिणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. ते कार्यादेशात नसेल तर ते जादा काम आहे; त्याचा वेगळा दर, वेगळा आदेश. त्याचप्रमाणे, आधीच्या टप्प्यांची देय झालेली रक्कम या पत्राच्या जोरावर अडवू नका. अडवायची ती फक्त स्वीकृतीशी बांधलेली.

कंत्राटदार मुदतीत आलाच नाही तर दुसरा मिस्त्री लावून खर्च कापून घ्यायचा मोह होतो. कार्यादेशात तसं कलम असेल तरच, आणि त्याआधी मुदत देणारी वेगळी लेखी नोटीस पाठवून. दुसऱ्याचा हात लागण्यापूर्वी त्या जागेचे पट्टीसह फोटो आणि मापं पुन्हा घेऊन ठेवा, कारण दुरुस्ती झाली की मूळ दोष कायमचा झाकला जातो.

## 8. फेरतपासणी

3 जूनला तेच लोक, तेच मापपत्रक, तीच खडूची घरं. दुरुस्त भागाभोवती बुटका बांध घालून किमान 48 तास पाणी ठेवलेलं असावं. ते सोडून 24 तासांनी च-4 मध्ये पट्टी उभी करा. नव्या-जुन्या थराच्या सांध्यावर हातोडी जरूर फिरवा, पोकळी आली तर तिथेच येते. लेव्हल नळीने पाइप क्र. 4 चा ढाळ पुन्हा घ्या.

ढाळ 86 मिमी किंवा अधिक, डबकं 5 मिमीच्या आत, वाटा 300 मिमी, पोकळी नाही, हमीपत्र हातात: मग गुण 100 होतात आणि स्वीकृतीपत्र त्याच आठवड्यात द्या. त्यात स्वीकृतीची तारीख स्पष्ट लिहा, कारण हमीचा काळ आणि राखून ठेवलेल्या ₹45,000 ची मुदत तिथून मोजायची असते. ₹90,000 कार्यादेशातल्या मुदतीत चुकते करा. पहिला जोराचा पाऊस झाला की छतांवरच्या पेन्सिलच्या रेघा पुन्हा बघून या. त्या पुसायला घरमालकांना पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगा.